अठ्ठ्याण्णव अक्षरांचं अभिनंदन

…आणि वर ती बाई मला विचारते, ‘‘साहेब, हे अभिनंदन आहे की फिर्याद?’’

आता सांगा! मी दारूच्या दुकानात उभा, हातात दोन पानं, पाठपोट लिहिलेली, समोर काउंटरवर त्या बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, केसांचा घट्ट बुचडा, आणि माझी पानं अशी दोन बोटांत धरलेली जशी काही मांजराने आणून टाकलीत! बाटलीसोबत जे कार्ड जातं ना, भेटकार्ड, एवढंस, तळहाताएवढं, त्याच्यावर छापायचा मजकूर मी घरून लिहून नेला होता. मित्राला नवी नोकरी लागली म्हणून व्हिस्कीची बाटली, आणि बाटलीसोबत चार गोड शब्द. एवढंच काम. जगात रोज हजारो लोक करतात. मग मलाच का घाम फुटावा? तर त्याला कारण आहे. तुम्हाला सांगतो, मी मनात ठेवणारा माणूस नाही. पण ज्या दिवशी माझा घात झाला, तो मंगळवार होता. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

आम्ही रंगाच्या कंपनीत. म्हणजे भिंतीला लावायचा रंग, तो. मी छटा जुळवतो. गिऱ्हाईक कुठला तरी पडद्याचा तुकडा आणून देतं, म्हणतं अस्साच रंग हवा, आणि मी थेंब थेंब काळा, थेंब थेंब पिवळा टाकत बसतो, पत्र्याच्या पट्टीवर ओढतो, वाळवतो, खिडकीशी नेऊन बघतो, पुन्हा थेंब. सोळा वर्षं. आणि शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं कोण? बोका! शाळेपासूनचा मित्र. बोका का म्हणतात? अहो, साय कुठेही असो, याच्या मिशीला! शाळेत मी प्रयोगवही पूर्ण करायचो आणि शाबासकी याला. गोरा नाही, देखणा नाही, बोलणं असं दुपारी झोपून उठल्यासारखं, पण डोळे अर्धे मिटलेले असतात ना, तेव्हाच समजायचं की याला सगळं दिसतंय.

तर मंगळवार, एक दहा. जेवणाच्या सुट्टीत मी याला फोन दाखवला. दुसऱ्या मोठ्या रंग कंपनीची जाहिरात, छटा विभागाचा प्रमुख हवा. प्रमुख! माझ्या मनात आलं, आपण का नाही? आणि मूर्खासारखं विचारलं कोणाला? बोक्याला! त्याने माझ्याच डब्यातला घास उचलला, तिसरा घास होता, चावला, सावकाश गिळला आणि म्हणाला, ‘‘तिथेऽऽ? अरे, नको रे बाबा. तिथला साहेब म्हणजे नुसता जाळ. माणसं रडत बाहेर येतात. तू साधा माणूस, तुझा चुरा होईल. आपलं हेच बरं.’’ आणि डोळे मिटून माझ्या डब्यातला चौथा घास!

मी नाही केला अर्ज. का करीन? मित्र सांगतोय! शाळेपासूनचा! घरी येऊन बायकोला म्हटलंसुद्धा, ‘‘बोक्याने वाचवलं बघ.’’ आणि बरोब्बर सहा आठवड्यांनी हा आमच्या विभागात आइस्क्रीमचा खोका घेऊन हजर. ‘‘मंडळी, तोंड गोड करा, मी चाललो.’’ कुठे चाललास रे? तर तिथेच! त्याच कंपनीत! त्याच खुर्चीवर! छटा विभाग प्रमुख! आणि मला काय म्हणावं त्याने? माझ्या हातात कप ठेवून म्हणतो, ‘‘तुझ्यासाठी पिस्ता ठेवलाय बाजूला, तुला आवडतो ना!’’

आवडतो ना?! मी तो पिस्ता खाल्ला. उभ्या उभ्या खाल्ला. सगळ्यांसमोर हसत हसत खाल्ला आणि एकेक चमचा गिळताना मनात एकेक शिवी जुळवली, तुम्हाला सांगतो, छटा जुळवावी तशी. पण तोंडाने? ‘‘अभिनंदन रे!’’ मी मनात ठेवणारा माणूस नाही.

मग त्याने शनिवारी घरी पार्टी ठेवली. मी बायकोला म्हटलं, मी काही जाणार नाही, माझं डोकं दुखणार आहे. ती म्हणाली, ‘‘शनिवारी? आज तर सोमवार आहे.’’ म्हटलं, मला माझं डोकं माहितीये. तर म्हणते, ‘‘बरं, जाऊ नका. पण काहीतरी पाठवा तरी. वहिनींना काय वाटेल? त्यांनी माझ्या बाळंतपणात महिनाभर डबे पुरवले होते.’’ आता वहिनींचं नाव काढलं की माझं तोंड बंद, कारण ती बाई खरोखर सोन्यासारखी. सोनं नेमकं बोक्याच्या घरी, हेही बघून ठेवा!

आणि तेव्हा, भांडी विसळता विसळता, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनींना एक सवय आहे. घरात कुठलंही कार्ड आलं, पत्रिका आली, नुसती औषधाची चिठ्ठी आली तरी त्या मोठ्याने वाचून दाखवतात. सगळ्यांना. उभं राहून. म्हणजे काय? म्हणजे मी बाटली पाठवायची, तिच्यावर कार्ड, कार्डावर असा मजकूर की भर पार्टीत, नव्या कंपनीच्या लोकांसमोर, वहिनींच्या गोड आवाजात, या बोक्याचं सगळं मांजरपण वेशीवर टांगलं जाईल, आणि मी मात्र घरी, पाय पसरून, डोकं दुखत! आहे की नाही?

म्हणून ती दोन पानं. तीन दिवस लिहिली मी ती. त्यात सगळं होतं. प्रयोगवही होती, तिसरा घास होता, चौथा घास होता, पिस्ता होता.

बाईंनी दोन्ही पानं वाचली. पूर्ण वाचली हो! मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत. मग चष्मा वर सरकवला आणि तो प्रश्न. अभिनंदन आहे की फिर्याद? मी म्हटलं, ‘‘अभिनंदनच आहे. जरा सविस्तर.’’ त्या म्हणाल्या, ‘‘कार्डावर शंभर अक्षरं बसतात. तुमची हजारावर आहेत.’’

‘‘शंभर?! शंभरात काय होतं हो बाई?’’

‘‘सगळं होतं. आधी त्याचं नाव. मग कशाबद्दल ते. मग तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट, एकच. मग पुढची शुभेच्छा. आणि खाली तुम्ही कोण. बास. लोक उगाच ‘उत्तरोत्तर प्रगती होवो’ लिहितात, ते कोणीच वाचत नाही. आणि ‘पी आणि मजा कर’ लिहू नका, कार्ड आधी आईच्या हातात पडतं. किमतीबद्दल नाही, तब्येतीबद्दल नाही, पगाराबद्दल तर मुळीच नाही.’’

मी म्हटलं, तुम्ही या कामाला किती वर्षं? म्हणाल्या, ‘‘अकरा. तुमच्यासारखे आठवड्याला तीन येतात.’’

माझ्यासारखे?! मी तिथल्या तिथे पेन काढलं आणि छोटं करून लिहिलं: ‘खोटारड्या, अभिनंदन.’ दोन शब्द! घ्या! बाईंनी बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘छापते. पण असं कार्ड गेलं की बाटली दुसऱ्या दिवशी तुमच्याच दारात परत येते. आणि परत आलेला माल आम्ही घेत नाही, पाटी लावलीये.’’ पाटी खरंच होती.

मग मी बाजूला गेलो. सोड्याच्या क्रेटवर बसलो आणि डोकं चालवलं. उघड शिवी नको, तर लपवून द्यायची! तीन ओळी लिहिल्या, आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर खाली खाली वाचलं की… ‘लक्षात राहील हा दिवस.’ ल! ‘बातमी ऐकून आनंद झाला.’ बा! आणि ‘ड’वरून काही सुचेना, वीस मिनिटं गेली, मग लिहिलं, ‘डोळे भरून आले.’ ड! लबाड! मी असा उठलो, जसा काही शोध लावून उठलो. कार्ड बाईंसमोर ठेवलं. त्यांनी एक नजर टाकली, एकच, आणि म्हणाल्या, ‘‘ल, बा, ड. महिन्याला दोन येतात.’’

‘‘पण छापाल ना?’’

‘‘छापीन की. पण मशीन ओळी आपल्या मनाने तोडतं. रुंदीत बसेल तेवढं पहिल्या ओळीत, उरलेलं खाली, आणि सगळं मधोमध. तुमचा ‘ल’ एकीकडे जाईल, ‘बा’ पहिल्याच ओळीच्या शेपटीला लागेल.’’ आणि त्यांनी पडद्यावर करून दाखवलं. खाली खाली वाचलं तर काय आलं ठाऊक आहे? ‘लऐआ’! आता ही कुठली शिवी? बोका म्हणाला असता, बिचाऱ्याला उचकी लागली वाटतं.

तुम्हाला सांगतो, मी मनात ठेवणारा माणूस नाही, पण त्या वेळी त्या मशीनचीही नोंद मी मनात करून ठेवली.

मग बाईंनाच दया आली असावी. म्हणाल्या, ‘‘मजकूर राहू द्या, आधी बाटली तरी ठरवा. मित्र कुठली पितो? धुराची की गोडसर?’’ म्हटलं, धुराची म्हणजे? तर सांगायला लागल्या, काही ठिकाणी व्हिस्कीचं धान्य म्हणे दलदलीतली वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर वाळवतात, तो धुराचा वास शेवटपर्यंत राहतो, सवय नसेल त्याला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. माझे कान टवकारले! म्हटलं, तीच द्या! दवाखानावाली! सगळ्यात जास्त धूर असेल ती!

बाईंनी मान हलवली. ‘‘साहेब, कार्ड वाकडं आणि बाटलीही वाकडी? दोन्ही वाकडं असलं की माणसाला लगेच कळतं. एक तरी सरळ ठेवा.’’

बघा! काय बोलली बाई! इतकी वर्षं मी रंग कालवतोय, पण ही अक्कल मला नव्हती. मी म्हटलं, बरं, सरळ द्या. त्यांनी एक गोल डबा काढला, आत बाटली, मधासारखा रंग… आणि रंग म्हटलं की मी हरलोच, मी ती बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली, खाली सोनेरी, कडेला जरा तांबूस, अशी छटा मला जन्मात जमली नसती. त्यावर आकडा, बारा. मी विचारलं, बारा म्हणजे? म्हणाल्या, ‘‘बारा वर्षं. लाकडाच्या पिंपात मुरत ठेवतात. आतमध्ये जी सगळ्यात कोवळी असेल तिचं हे वय. हा रंग त्या लाकडाचा. पण एकदा बाटलीत भरली की मुरणं थांबतं. घरी कितीही वर्षं ठेवा, बाराची बाराच.’’

मुरलेली!

शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. मुरलेली! मुरलेला! अहो, याच शब्दासाठी मी दोन पानं खरडली होती ना! बोका कसा? मुरलेला! म्हटलं, बाई, आणखी सांगा. त्या म्हणाल्या, ‘‘आणखी काय… पिंपातून दर वर्षी थोडी उडून जाते. लाकडातून झिरपते. शेकडा दोन तरी. उघड्या डोळ्यांना दिसत नाही, पण बारा वर्षांनी बघावं तर पिंप बरंच खाली गेलेलं. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.’’

वाटा! म्हणजे एकजण वर्षानुवर्षं गप उभा, आणि त्याचा वाटा कोणीतरी न दिसता उडवतंय! हे पिंप कोण, सांगा? मी! पिंप मीच! मी तिथेच काउंटरवर, उभ्या उभ्या, खाडाखोड न करता लिहिलं:

‘बोक्या, नव्या नोकरीबद्दल अभिनंदन! बारा वर्षं मुरलेली, तुझ्यासारखीच. माझा वाटाही तूच घे. तुझा मित्र’

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत त्या बाईंनी कोणासाठी चष्मा काढला नसेल. हळूच म्हणाल्या, ‘‘हं. आता जमलं. हे कुठेही वाचा, अभिनंदनच आहे. आणि ज्याचं त्याला पोचेल.’’

मी बोटांवर मोजायला लागलो, पन्नासेक अक्षरं होतील, म्हटलं अजून पुष्कळ जागा आहे, तिसरा घास घालू या! त्या म्हणाल्या, ‘‘मशीन तुमच्यासारखं मोजत नाही. ‘नव्या’ तुम्हाला दोन अक्षरं वाटतात, मशीनला पाच. न एक, व दोन, पाय मोडला तो तीन, य चार, काना पाच. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं मोजतं.’’ टाइप केलं. कोपऱ्यात आकडा आला, अठ्ठ्याण्णव. दोन शिल्लक! म्हटलं, दोन उद्गारचिन्हं टाका, शेवटी, ठसठशीत. ‘‘राहू द्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘टोमणा ओरडून मारायचा नसतो.’’

मग म्हणाल्या, सही मात्र हाताने करा, छापील मजकुराखाली हाताची सही नसली की कार्ड दुकानाने पाठवल्यासारखं वाटतं. केली. शाई वाळू दिली. जाड पांढरं पाकीट, ते चिकटवायचं नाही, नुसतं फ्लॅप आत खोचायचं, आणि पाकीट डब्याच्या आत नाही, बाहेर, फितीखाली, म्हणजे बाटलीच्या आधी कार्ड हातात येतं. पत्ता विचारला. मी म्हटलं, त्याच्या नव्या ऑफिसचाच द्या, नवीन साहेबासमोर बाटली पोचू दे! बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपला मुकाट्याने घरचा पत्ता दिला. शनिवारी संध्याकाळी सात. बाटली घरातल्या मोठ्या माणसाची सही घेऊनच देतात.

घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं. म्हटलं, बघू या हिला तरी धार कळते का. तर हिने पदराने… डोळे पुसले! ‘‘किती छान लिहिलंत हो! माझा वाटाही तूच घे! मला वाटलं होतं तुम्ही मनात धरून बसलात.’’ म्हटलं, छे! मी मनात ठेवणारा माणूस नाही!

शनिवार. सात वाजले. सव्वासात. मी फोन मांडीवर घेऊन बसलो. आता वहिनी उभ्या राहिल्या असतील. आता वाचलं असेल. ‘मुरलेली, तुझ्यासारखीच’, आता खसखस पिकली असेल, आता तो नवा साहेब याच्याकडे बघत असेल, आता बोक्याची मिशी… आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्या बेतात एक भोक आहे, तुम्हाला सांगतो, केवढं भोक! हे सगळं बघायला मी तिथे नाही! तीन दिवस लिहिलं मी, क्रेटवर बसलो मी, आणि खेळ फुकटात बघणार दुसरे!

आठला फोन वाजला. वहिनी. मी छातीवर हात ठेवून उचलला.

‘‘भावजी…’’ आणि पुढे हुंदका! हुंदका हो! ‘‘भावजी, कार्ड वाचलं मी सगळ्यांसमोर.’’

‘‘मग?’’ मी घोगऱ्या आवाजात.

‘‘सगळे एकदम गप्प झाले.’’

झालेच पाहिजेत! ‘‘मग?’’

‘‘मग टाळ्या! ह्यांचे नवे साहेब म्हणाले, असा मित्र असायला नशीब लागतं. आणि हे तर… ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो भावजी. लग्नात नव्हतं आलं.’’

टाळ्या! मी माझ्या शत्रूला, भर सभेत, स्वतः टाळ्या मिळवून दिल्या! सायीवर साखर घालून दिली! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, मित्राच्या आठवणीने.

आणि रविवारी सकाळी अकराला बेल. दारात बोका. काखेत तोच डबा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत आला, खुर्चीत बसला नाही, जमिनीवर बसला, भिंतीला टेकून, शाळेत बसायचा तसा. डबा पुढे ठेवला. बूच कोणी काढलेलंही नव्हतं. म्हणाला, ‘‘कप आण.’’ बायको म्हणाली, ‘‘अहो, अकरा वाजलेत!’’ बोका म्हणाला, ‘‘वहिनी, हे प्यायचं काम नाही, हे कबुलीचं काम आहे.’’ चांगले ग्लास माळ्यावर. चहाचे कप आणले, एकाचा कान तुटलेला. त्याने दोन बोटं त्याच्या कपात, दोन बोटं माझ्या कपात ओतली. पाणी नाही, सोडा नाही.

मी पहिला घोट तोंडात घेतला आणि नेमकं त्याच क्षणी तो म्हणाला, ‘‘मी तुला खोटं सांगितलं.’’

अहो, त्या पिस्त्यापासून! पिस्ता गिळल्यापासून मी या एका वाक्याची वाट बघत होतो! त्याच्यावर काय काय बोलायचं, ते सगळं पाठ होतं, आंघोळ करताना रोज म्हणायचो मी ते! आणि वाक्य आलं तेव्हा माझं तोंड व्हिस्कीने भरलेलं! थुंकावी तर बारा वर्षांची. गिळली. घशातून जाळ उतरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि हा समजला, मी गहिवरलो.

‘‘तू ती जाहिरात दाखवलीस ना,’’ तो म्हणाला, ‘‘त्याच संध्याकाळी मी अर्ज टाकला. साहेब बिहेब सगळं रचलेलं. का, ते सांगू? तू अर्ज केला असतास तर तुलाच मिळाली असती. तुझा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे. सोळा वर्षं बघतोय मी. मी मशीनवर चार वेळा तपासतो, तू खिडकीशी नेऊन एकदा बघतोस. मुलाखतीत त्यांनी मला तीन पट्ट्या दिल्या, वेगळी ओळखा म्हणाले. मला दोन मिनिटं लागली. तुला दोन श्वास लागले असते.’’

आता काय करायचं? सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? शिव्या सगळ्या तयार होत्या हो, जिभेच्या शेंड्यावर रांगेत उभ्या. पण माणूस जमिनीवर बसलाय, तुटक्या कानाच्या कपातून पितोय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी म्हणालंय की तुझा डोळा चांगला आहे. तेही कोण, तर चोर! आमच्या साहेबाने सोळा वर्षांत नाही म्हटलं! मी तोंड उघडलं आणि आतून निघालं काय? ‘‘जाऊ दे रे.’’

जाऊ दे रे! मी म्हणालो हे! माझ्या तोंडाने! आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे असं बघत होती, जसं लग्नानंतर दोनदाच बघितलं असेल. झालं! त्या दिवसापासून मी मोठ्या मनाचा माणूस. सगळीकडे बोभाटा. वहिनी सांगतात, बायको सांगते, आमच्या विभागात सांगतात. आता मोठ्या मनाचा म्हटल्यावर चिडायची सोय राहिली का? शेजाऱ्याने गाडी आडवी लावली तरी हसायचं! मी मनात ठेवणारा माणूस नाही, असं मी सांगत होतो ना सगळ्यांना? आता सगळ्यांनी ते खरं मानलंय, आणि मनात ठेवलेलं ठेवायला दुसरी जागा नाही!

असे तीन महिने गेले. आणि परवा बोक्याचा फोन.

‘‘अरे, एक काम होतं. आमच्या साहेबाला बढती मिळाली. वरच्या मजल्यावर चाललाय. बाटली मी घेतलीये. कार्डावर दोन ओळी तू लिहून दे.’’

म्हटलं, ‘‘मी? मी तर त्यांना ओळखतही नाही.’’

‘‘त्याने काही बिघडत नाही. मला लिहिलं होतंस ना, तसंच लिही.’’

‘‘तसं म्हणजे? मनापासून?’’

त्याच्या त्या दुपारी झोपून उठलेल्या आवाजात म्हणतो, ‘‘म्हणजे बघ… सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि लागायचं मात्र ज्याचं त्याला. असं.’’

माझ्या हातातला फोन गार पडला. ‘‘बोक्या… तुला कळलं होतं?’’

‘‘ही वाचत होती तेव्हाच. ‘तुझ्यासारखीच’ला.’’

‘‘आणि मग ते डोळ्यांतलं पाणी? ते खोटं?’’

‘‘खोटं कसं? लागलं म्हणून आलं.’’

इतक्या जणांत दोघांनाच कळलेला टोमणा, एक ती दुकानातली बाई आणि दुसरा हा! बायकोला कळला नाही, वहिनींना कळला नाही, आणि ज्याला मारला तो तीन महिने माझ्या पाठीवर हात ठेवून माझं मोठं मन मिरवत होता! रागाने माझा कान लाल झाला. फोन तसाच चालू.

मग काय करता… खुर्ची ओढली, पेन शोधलं, जुन्या पाकिटाची मागची बाजू घेतली आणि म्हटलं, ‘‘बोल. साहेबाने तुझं काय काय वाकडं केलंय, ते तारीखवार सांग. मोघम माहितीवर मला लिहिता येत नाही.’’